हृदय प्रत्यारोपणानंतर: औषधं, बायोप्सी आणि नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. ओपीडीत आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते मी वहीत उतरवून ठेवते. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. इथले आकडे मोठ्या माणसांचे आणि सर्वसाधारण आहेत. तुमच्या फाइलवर डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहिला असेल तर तुमच्यासाठी तोच खरा.

१. सहा महिने झाले, मला एकदम ठणठणीत वाटतंय. मग इतक्या वेळा तपासणीला का बोलावता?

कारण नवं हृदय तक्रार करत नाही. दात्याच्या शरीरातून हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात. सर्जन रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडता येत नाहीत. त्यामुळे एरवी छातीत कळ येऊन माणूस दवाखाना गाठतो, ती कळ तुमच्याकडे बहुतेक वेळा येतच नाही. काही जणांच्या नसा काही वर्षांनी थोड्याफार परत वाढतात, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

नव्या हृदयाला मुख्य धोके दोन. पहिल्या वर्षात रिजेक्शन, म्हणजे तुमच्या शरीराने हृदयाला परकं समजून त्यावर हल्ला करणं. पुढच्या वर्षांत त्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून जाड होत जाणं. दोन्ही सुरुवातीला मुके असतात. रुग्णाला जाणवेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून तारखा बरं वाटण्यावर नाही, कॅलेंडरवर ठरतात. हे एक वाक्य नीट समजलं तर खालची बरीच उत्तरं आपोआप कळतील.

२. बसल्या बसल्या नाडी ९८ असते. जिना चढताना आधी वाढत नाही आणि वर जाऊन बसलं की वाढते. हे कसं?

हेही नसांमुळेच. आपल्या हृदयाला विश्रांतीत सावकाश ठेवण्याचं काम एक नस करते. ती तुटली की हृदय स्वतःच्या मूळ गतीने, म्हणजे मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके, चालतं. जिना चढताना मेंदूचा निरोप नसेवाटे पोहोचत नाही. रक्तातून अॅड्रेनलिन येऊन पोहोचेल तेव्हा ठोके वाढतात, आणि ते रक्तातून ओसरेपर्यंत वाढलेलेच राहतात. म्हणून चालायला जाताना पहिली पाच-दहा मिनिटं सावकाश चाला आणि थांबतानाही एकदम थांबू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नेहमी ९५ असणारी नाडी विश्रांतीत १२५ वर गेली किंवा अनियमित लागली, तर ते नेहमीचं नाही. त्याच दिवशी फोन करा.

३. प्रतिकारशक्ती दाबायला तीन-तीन औषधं कशाला? एकच जरा जास्त दिलं तर चालणार नाही का?

बहुतेकांना सुरुवातीला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन असतात. तिघांची कामाची जागा वेगळी आहे. टॅक्रोलिमस हल्लेखोर पेशींना जागं होऊ देत नाही. त्यातूनही ज्या जाग्या होतात त्यांची संख्या मायकोफेनोलेट वाढू देत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सगळीकडचीच सूज दाबतं. एकट्या टॅक्रोलिमसवर सगळा भार टाकला तर डोस इतका वाढवावा लागेल की किडनी त्यात भरडली जाईल. म्हणून तिघांत भार वाटून घेतात.

स्टेरॉइड बऱ्याच जणांचं पहिल्या वर्षात हळूहळू कमी करतात, काहींचं बंदही होतं. बाकीची औषधं बदलतील, कमी होतील, पण प्रतिकारशक्ती दाबणारं काही ना काही आयुष्यभर राहणार. दहा वर्षं झाली म्हणून शरीर हृदयाला आपलं मानायला लागत नाही.

४. टॅक्रोलिमसची ‘लेव्हल’ म्हणजे काय? आणि त्या दिवशी सकाळची गोळी न घेता का यायचं?

गोळी घेतल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तातलं औषध शिगेला पोहोचतं आणि मग उतरत जातं. पुढच्या गोळीच्या अगदी आधी ते सगळ्यात कमी असतं. आम्हाला हा तळाचा आकडा हवा असतो, कारण लक्ष्य त्याच्यावरच ठरवलेलं आहे. पहिल्या काही महिन्यांत ते रक्ताच्या मिलिलिटरमागे साधारण १० ते १५ नॅनोग्रॅम असतं, पुढे वर्षभरानंतर ५ ते १०.

रात्री आठला गोळी घेतली असेल तर सकाळी आठच्या सुमारास रक्त द्या आणि नंतर लगेच गोळी घ्या. गोळी डब्यात घालून सोबत आणा. एक ताई सकाळी सातला गोळी घेऊन साडेआठला रक्त देऊन गेल्या. लेव्हल २३ आली. गोळी घेतल्याचं त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, आणि डोस कमी झाला. पुढच्या आठवड्यात योग्य वेळी घेतलेली लेव्हल ४.६ निघाली. तेव्हापासून रक्ताच्या नळीवर शेवटच्या गोळीची वेळ लिहिल्याशिवाय आम्ही नमुना पाठवत नाही.

औषधाची कंपनी स्वतःहून बदलू नका. मेडिकलवाला “हेच ते, दुसऱ्या कंपनीचं” म्हणाला तर आधी आम्हाला कळवा. बदलावंच लागलं तर आठवड्याभरात लेव्हल परत करायची. दिवसातून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची गोळी आणि दोनदा घ्यायची साधी गोळी या एकमेकींच्या जागी कधीच चालत नाहीत, नाव सारखं असलं तरी.

गोळी विसरलात आणि थोड्याच वेळात आठवलं तर घेऊन टाका. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, दोन एकदम घेऊ नका, आणि आम्हाला सांगा. चुकल्याचं लपवलेलं आम्हाला कमी लेव्हल म्हणून दिसतं, आणि मग विनाकारण डोस वाढतो.

५. दोन दिवस जुलाब होताहेत. औषध अंगी लागत नसेल म्हणून एक गोळी जास्त घेऊ का?

नको. इथे नेमकं उलटं होतं. आतड्याच्या अस्तरात टॅक्रोलिमसचा बराचसा भाग मोडून टाकणारी यंत्रणा असते. जुलाबात ते अस्तर दुखावतं, यंत्रणा मंदावते आणि जास्त औषध रक्तात शिरतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. हात थरथरायला लागले, डोकं दुखायला लागलं तर लेव्हल वर गेली असण्याची शक्यता मोठी.

एका दिवसापेक्षा जास्त जुलाब झाले तर लेव्हल आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन करायचंच. जुलाबाचं कारणही शोधावं लागतं. ते मायकोफेनोलेटमुळे असू शकतात, साध्या पोटाच्या संसर्गामुळे असू शकतात किंवा सीएमव्ही नावाच्या विषाणूमुळे. या विषाणूचं नाव पुढे रक्तवाहिन्यांच्या आजारातही येणार आहे (प्रश्न १०).

६. एकादशीचा उपवास, पपनस, गुळवेलीचा काढा: यातलं काय चालतं?

उपवासाला आमची हरकत नाही, अट एकच: गोळी आणि पाणी थांबायचं नाही. निर्जळी उपवास करू नका. टॅक्रोलिमस तेलकट जेवणासोबत कमी शोषलं जातं. रोज रिकाम्या पोटी गोळी घेणाऱ्याने एकादशीला साबुदाणावड्यांवर गोळी घेतली तर त्या दिवशीचं औषध कमी पडेल. रोज जशी घेता तशीच त्या दिवशीही घ्या.

पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. प्रश्न ५ मधली आतड्याची जी यंत्रणा आहे, ती ही फळं बंद पाडतात आणि परिणाम एक-दोन दिवस टिकतो. गणपतीच्या दिवसांत पपनस घराघरांत येतं, म्हणून श्रावणापासूनच आठवण ठेवा. मोसंबी आणि नेहमीचं संत्रं चालतं.

गुळवेल, अश्वगंधा आणि ‘इम्युनिटी’ वाढवणारे सगळे काढे, गोळ्या, चूर्णं बंद. इथे औषधाची टक्कर हे कारण दुय्यम आहे. जी प्रतिकारशक्ती आपण मोठ्या कष्टाने दाबून ठेवतोय, तीच वाढवण्याच्या नावाने हे विकलं जातं. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आजीने प्रेमाने करून दिलेल्या काढ्याला नाही म्हणणं जड जातं हे मी रोज पाहते. तिला फोन लावून माझ्याशी बोलायला सांगा, मी समजावून सांगेन.

७. खोकला झाला म्हणून गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. घेऊ का?

पाकिटावरचं नाव वाचून दाखवल्याशिवाय नको. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची लेव्हल काही दिवसांत दुप्पट-तिप्पट करू शकतात. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आणि बीपीसाठीचं डिल्टियाझेमही लेव्हल वाढवतं. ही औषधं कधीच देत नाहीत असं नाही, पण मग टॅक्रोलिमसचा डोस आधीच कमी करून लेव्हल बघत राहावं लागतं. औषध संपल्यावर डोस परत वाढवायचा, हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात.

उलट्या बाजूला आहे टीबीचं रिफॅम्पिसिन. ते यकृताला इतकं कामाला लावतं की टॅक्रोलिमस जवळजवळ नाहीसं होतं. आपल्याकडे टीबी भरपूर आहे आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना तो लवकर गाठतो. म्हणून टीबीचं निदान झालं तर नेहमीची औषधं सुरू होण्याआधी आमच्याशी बोलणं व्हायलाच हवं. रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरून मार्ग काढता येतो.

अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, किडनीसाठी. पॅरासिटामॉल चालतं. पण ताप आला तर तो नुसता उतरवून बसू नका, आधी कळवा.

८. बायोप्सीत नेमकं काय करतात? भीती वाटते.

पहिल्या वेळी सगळ्यांनाच वाटते. मानेच्या उजव्या बाजूला भूल देतात. टोचल्याची आणि थोडी आग झाल्याची जाणीव होते. मग मोठ्या नीलेतून एक बारीक नळी आणि त्यातून लांब तारेसारखं उपकरण हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात. त्याच्या टोकाला मोहरीएवढा चिमटा असतो. तो मिटताना हृदयाच्या आतल्या भिंतीचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा कापून येतो. असे चार-पाच तुकडे घेतात. तुकडा निघताना काहींना ओढल्यासारखं वाटतं, एखाद-दुसरा ठोका चुकतो. दुखत नाही, कारण तेच, नसा. बाटलीतले ते फिकट गुलाबी कण रुग्णाला बघायचे असतील तर आम्ही दाखवतो. एक काका म्हणाले होते, “एवढ्याशा कणात सगळं कळतं?”

कळतं, आणि हे कळायला लागल्यानेच हे ऑपरेशन टिकलं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं, तो रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगभर अशी शंभरच्या आसपास ऑपरेशनं झाली आणि बहुतेक रुग्ण लवकर गेल्याने पुढे जवळपास सगळ्यांनी ती थांबवली. रिजेक्शन वेळेत ओळखता येत नव्हतं आणि आवरताही येत नव्हतं. ओळखण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डला हा मानेतून जाणारा चिमटा आला, आणि आवरण्यासाठी ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन.

वेळापत्रक साधारण असं: पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आणि सहा महिन्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी. वर्षानंतर सगळं ठीक असेल तर नेहमीच्या बायोप्सी बऱ्याच ठिकाणी थांबवतात. धोका कमी आहे, पण आहे. क्वचित हृदयाच्या भिंतीला भोक पडून भोवती रक्त साचतं, आणि अनेक बायोप्सींनंतर उजवीकडची झडप गळू शकते. काही केंद्रांत स्थिर रुग्णांसाठी रक्तातल्या जनुकांच्या किंवा दात्याच्या डीएनएच्या चाचण्या वापरतात, त्याने बायोप्सींची संख्या कमी होते. पण संशय आला की शेवटी तुकडाच बघावा लागतो. नुसत्या इकोवर विसंबता येत नाही, सुरुवातीच्या रिजेक्शनमध्ये तो नॉर्मल येऊ शकतो.

९. रिपोर्टवर ‘१आर’ लिहिलंय. रिजेक्शन सुरू झालं का?

घाबरू नका. शून्य म्हणजे काही नाही. १आर म्हणजे थोड्या हल्लेखोर पेशी दिसल्या, फार तर एखाद्या ठिकाणी स्नायूला इजा. तुम्ही बरे असाल आणि इको ठीक असेल तर यावर सहसा जादा उपचार करत नाहीत, लेव्हल बघतात आणि पुढची तारीख पाळतात. २आर म्हणजे दोन किंवा जास्त ठिकाणी इजा. तेव्हा बहुधा तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस देतात आणि बायोप्सी परत करून बघतात. ३आर म्हणजे सगळीकडे पसरलेलं, यात लगेच दाखल व्हावं लागतं.

एक अपवाद महत्त्वाचा. हल्ला पेशींऐवजी रक्तातल्या अँटिबॉडींनी केला तर वरची श्रेणी शून्य येऊनही हृदय कमजोर होऊ शकतं. त्याची श्रेणी वेगळी, रंग देऊन बघायची पद्धत वेगळी आणि उपचारही वेगळे. म्हणून दात्याविरुद्धच्या अँटिबॉडींची रक्तचाचणी वेगळी सांगतो. “बायोप्सी चांगली आली, मग हे कशाला” असं म्हणून ती टाळू नका.

१०. आम्हाला हृदय चोवीस वर्षांच्या मुलाचं मिळालं. चोवीस वर्षांच्या हृदयात ब्लॉकेज कसं होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो बरोबर आहे. नेहमीचं ब्लॉकेज आणि हे, दोन्ही आजार वेगळे आहेत. नेहमीच्या आजारात रक्तवाहिनीच्या एखाद्या ठिकाणी, एका बाजूला चरबीची गाठ साठते. पाइपात एका जागी गाळ अडकावा तसं. प्रत्यारोपित हृदयात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चहूबाजूंनी आणि लांबच्या लांब जाड होतं, मोठ्या फांदीपासून टोकाच्या बारीक फांद्यांपर्यंत. जुन्या नळाला आतून सगळीकडे क्षार चढून धार बारीक व्हावी तसं. डॉक्टर याला कार्डिअॅक अॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपथी, थोडक्यात सीएव्ही म्हणतात.

मूळ कारण तुमच्या प्रतिकारशक्तीची त्या अस्तरावर चाललेली धुसफूस. स्नायूवर मोठा हल्ला न करताही ती वर्षानुवर्षं अस्तराला खाजवत राहते, आणि अस्तर दरवेळी भरून येताना थोडं जाड होतं. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी, आधी होऊन गेलेली रिजेक्शन्स, सीएमव्हीचा संसर्ग, कोलेस्टेरॉल, मधुमेह, बीपी, धूम्रपान हे सगळे त्यात भर घालतात. दाता वयाने मोठा असेल तर त्याच्याच रक्तवाहिन्यांत थोडं आधीचंही असतं. दाता तरुण असणं चांगलंच, पण ते कवच नाही, कारण भांडण दात्याच्या वयाशी नाही, परकेपणाशी आहे. जागतिक नोंदींनुसार पाच वर्षांनी साधारण तीनपैकी एका रुग्णात आणि दहा वर्षांनी निम्म्या रुग्णांत हे अँजिओग्राफीवर दिसतं. त्यातल्या अनेकांत ते सौम्य असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं.

११. दुखणारच नसेल तर हे कळणार कसं? स्ट्रेस टेस्टवर भागत नाही का?

बहुतेक ठिकाणी वर्षाने किंवा दोन वर्षांनी अँजिओग्राफी करतात. पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि औषध देऊन केलेला स्ट्रेस इको नॉर्मल आला तरी सुरुवातीचा सीएव्ही त्यात निसटतो.

अँजिओग्राफीचीही एक अडचण आहे. ती रक्तवाहिनीच्या आतली पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. सगळी वाहिनी एकसारखी अरुंद झाली तर अरुंद कुठे झाली हे दिसायला शेजारी तुलनेला मोकळा भाग उरत नाही. म्हणून दोन गोष्टी करतात. एक, रक्तवाहिनीत बारीक सोनोग्राफीची तार घालून भिंतीची जाडी मोजणं. ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी आणि एका वर्षाने, अशी दोनदा मोजून जाडी अर्धा मिलिमीटर किंवा जास्त वाढलेली आढळली, तर पुढचा धोका वाढलेला समजतात. दुसरी गोष्ट फुकट आहे: आधीच्या अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा आणि दरवेळी आणा. आजच्या चित्राशेजारी पाच वर्षांपूर्वीचं ठेवलं की नाहीशा झालेल्या फांद्या डोळ्यांना दिसतात.

दोन-तीन रुग्णांची गोष्ट एकत्र करून एक उदाहरण देते, ओळख राहू नये म्हणून. एका शेतकरी गृहस्थांचं प्रत्यारोपण ४१व्या वर्षी झालं. चौथ्या महिन्यात एकदा २आर, सातव्यात सीएमव्ही, दोन्ही उपचारांनी आटोक्यात. वर्षाची अँजिओग्राफी साफ. मात्र तारेच्या सोनोग्राफीत जाडी ०.३ वरून ०.९ मिलिमीटर झालेली, म्हणजे वाढ ०.६. पुढच्या वर्षी ते आले, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी आले नाहीत. ऊस तोडणीला होता, तब्येत उत्तम होती, आणि “काही होतच नाहीये” हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

पाचव्या वर्षी त्यांच्या पत्नीचा फोन आला. म्हणाल्या, “छातीत काही नाही ओ ताई, पण हे आता दोन उशा घेऊन झोपतात, आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो.” मी त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं. इकोवर हृदयाचं पंपिंग ६० टक्क्यांवरून ५० वर. आधी रिजेक्शन नाही ना हे बघायला बायोप्सी केली, ती शून्य. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी मात्र आढळल्या. अँजिओग्राफीत समोरच्या मुख्य वाहिनीत मध्यावर ७५ टक्के अरुंदपणा, आणि जुन्या सीडीशी ताडून पाहिल्यावर टोकाच्या तीन-चार फांद्या गायब. एका मुख्य वाहिनीत ७० टक्क्यांच्या वर म्हणजे मध्यम, सीएव्हीची दुसरी श्रेणी. पंपिंग ४५ किंवा त्याखाली गेलं असतं तर हाच आजार तीव्र, तिसऱ्या श्रेणीत धरला असता.

स्टेंट घातला, मायकोफेनोलेटच्या जागी पेशींची वाढ रोखणारं एव्हरोलिमस आलं, टॅक्रोलिमसचं लक्ष्य खाली आणलं. सहा महिन्यांनी अँजिओग्राफी परत केली: स्टेंट उघडा, बाकीचं होतं तसंच. गेलेल्या फांद्या परत आल्या नाहीत. चुकलेल्या दोन वर्षांत हे कधी दिसलं असतं ते आता सांगता येणार नाही, पण ती दोन वर्षं मला अजून टोचतात. मी फोन केले होते, गावातून कुणाला तरी पाठवायला हवं होतं. आता तारीख चुकली की आम्ही आठवड्याभरात घरच्या दुसऱ्या माणसालाही फोन करतो.

१२. स्टेंट किंवा बायपास करून एकदाचं मोकळं नाही होत का?

एखाद्याच जागी जास्त अरुंद असेल तर स्टेंटचा उपयोग होतो, वरच्या उदाहरणासारखा. पण तो त्या जागेपुरता. आजार लांबच्या लांब आणि बारीक फांद्यांत असतो, तिथे स्टेंट पोहोचत नाही. इथले स्टेंट परत अरुंद होण्याचं प्रमाणही नेहमीच्या रुग्णांपेक्षा जास्त आहे. बायपाससाठी पुढची वाहिनी चांगली लागते, ती बहुधा नसते, म्हणून बायपास क्वचितच.

पंपिंग घसरलं आणि तीनही वाहिन्या गेल्या तर खरा उपाय दुसरं प्रत्यारोपण. त्यात किडनी, आधीच्या अँटिबॉडी, वय आणि इतर आजार हे सगळं बघून निर्णय होतो. दुसऱ्यांदा यादीत घेता येतच नाही हा समज चुकीचा आहे, आणि सगळ्यांना घेता येतं हाही.

१३. माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. स्टॅटिन बंद केलं तर चालेल का?

नाही. तुमचं स्टॅटिन फक्त आकड्यासाठी नाही. १९९५ मध्ये प्रवास्टॅटिनचा आणि १९९७ मध्ये सिमवास्टॅटिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हींत ऑपरेशननंतर लवकर स्टॅटिन सुरू केलेले जास्त जण जगले आणि रक्तवाहिन्यांचा हा आजार कमी दिसला. म्हणून कोलेस्टेरॉल कितीही असो, बहुतेक सगळ्यांना ते पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतात. स्नायू सतत दुखायला लागले किंवा लघवी चहासारखी झाली तर मात्र लगेच कळवा. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत हा धोका जास्त, त्यांचं स्टॅटिन आणि डोस डॉक्टरांनीच निवडलेला असतो, तो दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून बदलू नका.

१४. एव्हरोलिमस, सिरोलिमस रक्तवाहिन्यांसाठी चांगलं म्हणतात. मग पहिल्या दिवसापासून का देत नाहीत?

ही औषधं पेशींची वाढ रोखतात. अस्तर जाड होणं म्हणजे पेशींची वाढच, म्हणून ती सीएव्हीची गती कमी करतात, आणि लवकर सुरू केली तर फायदा जास्त दिसतो. पण जखम भरून येणं हीसुद्धा पेशींची वाढच आहे. छातीचं हाड आणि टाके नवे असताना ही औषधं दिली तर जखम रेंगाळते, हृदयाभोवती पाणी साचतं. म्हणून आधी जखम भरू देतात.

दुष्परिणामही आहेत: तोंडात फोड, पायांना सूज, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लघवीतून प्रथिनं जाणं. हर्निया, दात, हाड असलं कुठलंही ऑपरेशन ठरलं तर तारीख पक्की करण्याआधी आम्हाला सांगा, काही दिवसांसाठी औषध बदलावं लागतं.

१५. क्रिएटिनिन १.८ आहे. अँजिओग्राफीच्या डायने किडनी जाईल या भीतीने ती टाळतोय. चूक आहे का?

भीती खरी आहे, टाळणं मात्र स्वतःहून ठरवू नका. डाय कमीत कमी वापरता येतो, आधी-नंतर सलाइन देता येतं, ज्या वर्षी धोका कमी वाटतो त्या वर्षी पेट स्कॅनवर हृदयाचा रक्तपुरवठा मोजून अँजिओग्राफी पुढे ढकलता येते. सीटी अँजिओग्राफीतही डाय लागतोच, त्यामुळे किडनीच्या बाबतीत ती सुटका नाही. तपासणी कोणती हे बदलू शकतं, त्या वर्षी काहीच न करणं हा पर्याय नको.

१६. गावी असताना अचानक त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरांना काय सांगू?

पाकिटात ही चिठ्ठी ठेवा, आणि एक प्रत घरच्यांच्या फोनमध्ये:

“माझं हृदय प्रत्यारोपित आहे. त्याला नसा जोडलेल्या नाहीत, त्यामुळे छातीत न दुखताही हार्ट अटॅक असू शकतो. धाप, पायावर सूज, चक्कर, खूप थकवा यांपैकी काहीही असेल तर ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको करावा. ठोके मंद झाले तर अॅट्रोपिनचा उपयोग होणार नाही. अॅडिनोसिन द्यावं लागलं तर अगदी कमी डोसपासून. क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. माझी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद करू नयेत. तोंडाने घेता येत नसतील तर खालच्या नंबरवर लगेच फोन करावा.”

खाली आमचा चोवीस तासांचा नंबर, तुमची आजची औषधं डोससह आणि शेवटची लेव्हल तारखेसह लिहा. औषध बदललं की चिठ्ठी नवी करा. जुन्या ईसीजीची एक प्रतही सोबत ठेवा. काही पद्धतींनी केलेल्या ऑपरेशनमध्ये जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा थोडा भाग राहतो आणि ईसीजीवर त्याची एक वेगळी छोटी लाट उमटते. ती नेहमीचीच आहे हे जुन्या कागदावरून डॉक्टरांना दोन मिनिटांत कळतं.